मोरचुदाचा कस, रंगावरून

द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रणाचे माप तोंडपाठ असते. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. या हिशेबात मोरचूद शुद्ध आहे असे गृहीत धरलेले असते. पोत्यातल्या किलोभर मोरचुदात खरे मोरचूद ८५० ग्रॅमच असले, तर बुरशी मारणारे तांबे तेवढे कमी पडते आणि चुना वाजवीपेक्षा जास्त होतो. हा कस महागड्या उपकरणांशिवाय काढता येतो, कारण मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, स्वतःच्या रंगातून आपले प्रमाण सांगते.

नुसत्या डोळ्यांनी मात्र ते समजत नाही. दोन निळ्या नळ्या शेजारी धरल्या, तर गडद कोणती ते कळते. किती गडद ते कळत नाही. त्यासाठी कलरिमीटर लागतो. त्यात एका बाजूने दिव्याचा प्रकाश द्रावणातून जातो आणि पलीकडे किती पोचला ते मोजले जाते. इथे नवख्या माणसाचा हात हमखास निळ्या फिल्टरकडे जातो. पण द्रावण निळे दिसते ते निळा प्रकाश सोडून देते म्हणून. ते गिळते तांबडा प्रकाश. निळा फिल्टर लावला तर पातळ आणि दाट द्रावणांचे आकडे जवळजवळ सारखेच येतील. फिल्टर तांबडाच हवा.

आधी माहितीतली द्रावणे करायची. प्रयोगशाळेतल्या शुद्ध मोरचुदाचे १२.५ ग्रॅम स्फटिक ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून बरोबर २५० मिलिलिटर द्रावण केले, की १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम हे प्रमाण झाले. त्यातले १०, २०, ३० आणि ४० मिलिलिटर ब्युरेटने वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये घेऊन प्रत्येकी ५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घालायचे. आता १, २, ३, ४ आणि मूळचे ५, अशी पाच प्रमाणे हाताशी आली. साध्या पाण्याने भरलेली नळी ठेवून यंत्र शून्यावर आणायचे आणि पातळ द्रावणापासून वाचने घ्यायची.

समजा, ०.१७, ०.३५, ०.५०, ०.६८, ०.८६ असे आकडे आले. हे पलीकडे पोचलेल्या प्रकाशाचे आकडे नव्हेत, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. इथे १ ग्रॅमच्या द्रावणातून साधारण दोन तृतीयांश प्रकाश पार होतो. २ ग्रॅमच्या द्रावणातून त्या दोन तृतीयांशाचा पुन्हा दोन तृतीयांश, ३ ग्रॅमच्या द्रावणातून त्याचाही दोन तृतीयांश. म्हणून पार झालेल्या प्रकाशाचा आलेख काढला तर तो वाकडा येतो. यंत्र त्याचे लॉगरिदम घेऊन ‘शोषणांक’ दाखवते, आणि तो प्रमाणाबरोबर सरळ वाढतो. आडव्या अक्षावर ग्रॅम, उभ्यावर शोषणांक घेऊन बिंदू मांडले की त्यांच्यामधून एक सरळ रेषा जाते. रेषा पट्टीनेच ओढावी, बिंदूला बिंदू जोडत जाऊ नये. एखादाच बिंदू रेषेपासून दूर पडला, तर बहुधा ते एक द्रावण चुकले आहे किंवा त्या नळीवर बोटांचे ठसे होते. सगळी रेषाच शून्याच्या वरून गेली, तर शून्य लावताना गफलत झाली.

आता बाजारातल्या मोरचुदाचे ४ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण करायचे. शोषणांक ०.५८ आला असे धरू. उभ्या अक्षावर ०.५८ पासून आडवे रेषेपर्यंत जायचे, तिथून सरळ खाली उतरायचे, उत्तर ३.४ ग्रॅम. चारात ३.४, म्हणजे कस ८५ टक्के. वाचन ०.८६ च्या वर गेले तर रेषा अंदाजाने लांबवू नये. दाट द्रावणात ती वाकू लागते. द्रावण निम्मे पातळ करून पुन्हा मोजावे आणि उत्तर दुप्पट करावे.

सर्वांत जास्त फसवतो तो गढूळपणा. विहिरीच्या जड पाण्यात मोरचूद विरघळवले तर तांब्याचा बारीक साका धरतो, तो प्रकाश विखुरतो आणि यंत्राला ते शोषणच वाटते. मग निकृष्ट माल उत्तम ठरतो. द्रावण उजेडात धरून पाहावे. धूसर दिसले तर ऊर्ध्वपातित पाण्यात नव्याने करून, न विरघळलेली माती गाळून घ्यावी. भेसळ हिराकशीची असेल तर तिचा फिकट हिरवा रंग तांबडा प्रकाश फारच थोडा शोषतो, त्यामुळे ती तांबे म्हणून मोजली जात नाही. मात्र असे द्रावण ठेवून दिले तर गंजासारखे तांबूस गढूळ होते, म्हणून ते ताजेच मोजावे.

कधी स्वच्छ द्रावणातही कस १०४ टक्के निघतो. अशा वेळी पोत्यातले स्फटिक पाहावेत. ते पांढुरके, पिठूळ झालेले असतील तर त्यांच्यातले पाणी उडाले आहे आणि तेवढ्याच वजनात तांबे जास्त आले आहे.