दुधाळ नळी नितळ होते तेव्हा

परीक्षानळीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका आहे. पाण्यात तो किंचितच विरघळतो: जितके मॅग्नेशियम आणि हायड्रॉक्साइड आयन सुटतात, तितकेच परत साक्यात जातात. हा पहिला समतोल. आता अमोनियम क्लोराइडचे, म्हणजे नवसागराचे द्रावण घाला. अमोनियम आयन हायड्रॉक्साइडशी जुळून अमोनिया आणि पाणी होते. हा दुसरा समतोल. ओढाताण हायड्रॉक्साइडसाठीच. तो घटला की तूट भरायला साका आणखी विरघळतो, आणि नवसागर भरपूर असेल तर नळी नितळ होते. साधे मीठ घालून पाहा, साका तसाच राहतो. म्हणजे हे काम क्लोराइडचे नव्हे. लोखंडाचा तांबूस हायड्रॉक्साइड मात्र बधत नाही. त्याच्या साक्याला टिकायला इतका थोडा हायड्रॉक्साइड पुरतो, की अमोनियमची ओढ तिथे तोकडी पडते.