बँकेत पैसे आहेत, मग वर्गणी का वाढवता?

क्लबच्या वार्षिक सभेत खजिनदार उभा राहिला की मागच्या रांगेतले मोबाइल बाहेर निघतात. ताळेबंद डावीकडून उजवीकडे वाचायला सुरुवात केली, तर दोन मिनिटांत सभा हातची जाते. म्हणून माझ्या मते भाषणाची सुरुवात सभासदांच्या मनातल्या प्रश्नापासून करावी. तो बहुतेक वेळा एकच असतो: बँकेत पैसे आहेत, मग वर्गणी का वाढवता?

समजा, १२० सभासदांचा बॅडमिंटन क्लब आहे. गेल्या ३१ मार्चला बँकेत २ लाख १० हजार होते, यंदा ३ लाख ४० हजार आहेत. सभासदाला वाटतं, सव्वा लाखाच्या वर वाढले की! इथे खजिनदाराने घाई करू नये. सावकाश सांगावं: "यातले १ लाख ४४ हजार तुमच्यापैकी ४० जणांनी मार्चमध्येच भरलेल्या पुढच्या वर्षीच्या वर्गणीचे आहेत. वर्षभर खेळायला दिल्याशिवाय ते आपले होत नाहीत. ३६ हजार मार्चचं हॉलभाडं आणि वीजबिल, ते अजून द्यायचंय. २० हजार लॉकरची अनामत, मागितली की परत. उरले १ लाख ४० हजार. गेल्या वर्षी आगाऊ वर्गणी नव्हती, बिलं भरलेली होती. अनामत वगळता आपले १ लाख ९० हजार होते. म्हणजे वर्षभरात ५० हजार कमी झाले."

जमा-खर्चाचं पत्रक फक्त पैसा कधी आला-गेला ते दाखवतं. तूट दिसते ती उत्पन्न-खर्च पत्रकात. दोन्हींतला हा फरक सभेला व्याख्येने पटत नाही, त्या ४० जणांच्या पावत्यांनी पटतो.

आता तूट कुठून आली? इथे शटलकॉकचा रिकामा डबा हातात घेऊन दाखवावा. एका डब्यात १२ शटल. डबा १,४०० रुपयांवरून १,९०० वर गेला आणि वर्षात १०० डबे लागले, की ५० हजार तिथेच गेले. पिसांचं शटल स्मॅशने फाटतं, कोरड्या हवेत लवकर तुटतं. हे खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही. डबे खरोखर किती लागले, याची नोंदवही मात्र सभेत सोबत हवी, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच येतो.

ज्याला ताळेबंद नकोच, त्याला एक साधी खूण सांगता येते: दरवर्षी फेब्रुवारीअखेरची बँकशिल्लक शेजारी शेजारी ठेवून बघा. तेव्हा पुढच्या वर्षीची वर्गणी सहसा आलेली नसते. अर्थात थकलेली बिलं त्यातही दिसत नाहीत, ती वेगळी विचारावी लागतात.

मग ठराव मांडावा: "५० हजार भागिले १२० सभासद, म्हणजे माणशी महिन्याला साधारण ३५ रुपये. वर्गणी वाढवायची, की सरावाला नायलॉनचं शटल वापरायचं?" आणि खाली बसून उत्तराची वाट पाहावी.