‘डू नॉट’ की ‘डोन्ट’?

औपचारिक पत्रात ‘डोन्ट’ लिहायचं नाही, ‘डू नॉट’च लिहायचं, हा नियम इंग्रजी पत्रलेखन शिकताना आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केलेला असतो. अर्ज, करार, ठराव यांना तो आजही लागू आहे. ऑफिसच्या ईमेलला मात्र तो सरसकट लावता येत नाही. तिथे कोणतं रूप शोभेल हे वाचणाऱ्या माणसाशी आपलं नातं काय आहे यावर ठरतं.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात मेघना नियोजनाचं काम पाहते. तिथले सुटे भाग बर्मिंगहॅमच्या एका कंपनीला जातात. माल शुक्रवारी निघणार नाही, सोमवारी निघेल, हे तिला तिथल्या खरेदी व्यवस्थापकाला कळवायचं आहे. त्याची तिची ओळख नाही. त्याच्या मेलची सुरुवात ‘डिअर मिस कुलकर्णी’ अशी आहे आणि शेवटी त्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा आहे. इथे ‘वुई डू नॉट एक्स्पेक्ट टू डिस्पॅच द पार्ट्स बिफोर मंडे’ हेच योग्य. पहिल्या पत्रात थोडं अंतर राखल्याने कुणी दुखावत नाही, उलट सलगी मात्र खटकू शकते.

चार महिन्यांनी तोच माणूस ‘हाय मेघना’ म्हणून सुरुवात करतो, खाली नुसतं ‘टॉम’ लिहितो आणि त्याच्या वाक्यांत ‘डोन्ट’, ‘कान्ट’ सहज येऊ लागतात. आता मेघनाने ‘आय डू नॉट अॅग्री विथ द न्यू डेट’ असं लिहिलं तर? व्याकरणात चूक नाही, पण टॉमला ती चिडल्यासारखी वाटेल. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस ‘डोन्ट’ म्हणतो आणि ‘नॉट’ सुटं उच्चारून त्यावर जोर देतो तेव्हा त्याला काहीतरी ठासून सांगायचं असतं. वाचतानाही तोच जोर त्याच्या कानात उमटतो. रोज ‘अरे-तुरे’ करणाऱ्या मित्राने एकाएकी ‘आपण’ म्हणावं, तसा हा बदल लागतो. तेव्हा इथे ‘आय डोन्ट अॅग्री’ लिहून पुढे कारण द्यावं. मतभेद कळतो आणि नातंही बिघडत नाही.

विनंतीत हा फरक आणखी जाणवतो. ‘प्लीज डू नॉट कॉल द वेअरहाउस’ हे ओळखीच्या माणसाला सूचना-फलकासारखं वाटतं, ‘प्लीज’ असूनही. ‘प्लीज डोन्ट कॉल द वेअरहाउस येट’ म्हटलं की तीच विनंती मऊ होते. काही वाक्यांना मात्र कोणतंच रूप वाचवू शकत नाही. ‘डिडन्ट यू रिसीव्ह माय मेल?’ आणि ‘डिड यू नॉट रिसीव्ह माय मेल?’ दोन्ही जाब विचारल्यासारखी वाटतात. तिथे नकारच काढून ‘हॅव यू रिसीव्ह्ड माय मेल?’ असं विचारावं.

नातं कितीही मोकळं असलं तरी एक मर्यादा पाळावी लागते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी जी लेखनशैली ठरवली आहे, तिने ‘यू विल’चं ‘यूल’ करायला मुभा दिली, पण ‘डोन्ट’, ‘कान्ट’ ही नकारार्थी रूपं टाळायला सांगितली. कारण ती वाचायला अनेकांना जड जातात, आणि काही जण त्यांचा उलटाच अर्थ घेतात. घाईत नजर टाकताना शब्दाच्या टोकाचा नकार निसटू शकतो. म्हणून माल रोखायचा असेल, पैसे थांबवायचे असतील, यंत्र सुरू करायचं नसेल, तर टॉमलाही ‘डू नॉट डिस्पॅच’ असंच लिहावं. आजूबाजूची वाक्यं मोकळी ठेवली की तो जोर रागाचा न वाटता खबरदारीचा वाटतो. हीच युक्ती अर्धवट ओळखीच्या माणसालाही उपयोगी पडते: ‘आय विल’चं ‘आयल’ करावं, नकार मात्र पूर्ण लिहावा.

मेलच्या प्रतीत वरिष्ठ किंवा कंपनीचे वकील असतील, तर त्यांतल्या सर्वांत दूरच्या वाचकाला साजेल अशी भाषा ठेवावी, कारण उद्या वाद झाला तर तोच मेल पुरावा म्हणून उघडला जाईल.

उत्तर लिहायला बसण्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन मेल पुन्हा वाचा. त्याने मायना कसा लिहिला, सही कशी केली, ‘डोन्ट’ वापरलं का, हे बघा. त्याने वापरलं असेल तर तुम्हीही बिनदिक्कत वापरा. वापरलं नसेल, तर त्याने पहिलं पाऊल टाकेपर्यंत ‘डू नॉट’वरच थांबा.