ऑफर लेटर आलं? आधी ‘@’च्या पुढचं वाचा

भाच्याला चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. पगार महिना 32 हजार, सोमवारी जॉइनिंग. त्याआधी लॅपटॉप आणि युनिफॉर्मसाठी 4,850 रुपये ‘रिफंडेबल डिपॉझिट’ भरायचं. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली होती. पत्र पुढ्यात घेऊन आम्ही दोघं बसलो, तेव्हा त्याने एकेक खात्री सांगितली आणि एकेक सुटत गेली. कंपनीचं नाव इथे देत नाही. तिचं डोमेन example.com आहे असं धरू.

गैरसमज : ईमेलच्या पत्त्यात कंपनीचं नाव आहे, म्हणजे मेल कंपनीचाच.

वस्तुस्थिती : मेलवर ठळक दिसणारं नाव पाठवणारा हवं ते टाकू शकतो. पाहायचा तो ‘@’नंतरचा भाग, आणि तोही उजवीकडून डावीकडे. हे तीन पत्ते पाहा :

```
hr@careers.example.com
hr@example-careers.com
hr@example.com.joining-desk.in
```

पहिल्याचा शेवट example.com असा आहे, म्हणजे तो कंपनीच्याच डोमेनचा. दुसऱ्यात बिंदूऐवजी हायफन आहे. ते पूर्ण वेगळं डोमेन झालं आणि तसं डोमेन कुणीही थोड्या पैशांत घेऊ शकतो. तिसऱ्यात कंपनीचं पूर्ण डोमेन दिसतं खरं, पण मालकी joining-desk.in घेणाऱ्याची. भाच्याचा मेल दुसऱ्या जातीचा होता.

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की तपशील उघडतो. reply-to मध्ये वेगळाच पत्ता असेल तर तुमचं उत्तर तिकडे जाणार. signed-by समोर डोमेन दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. मेल त्या डोमेनने प्रमाणित केलाय, एवढंच त्यातून कळतं. खोट्या डोमेनचा मेलही त्या डोमेनपुरता रीतसर प्रमाणित असू शकतो.

उलट बाजूही आहे. काही कंपन्या भरतीचं सॉफ्टवेअर किंवा मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी वापरतात, तेव्हा खरा मेलही परक्या डोमेनवरून येतो. अशा वेळी निकाल मेलवर न लावता कंपनीला विचारून लावायचा.

गैरसमज : लेटरहेड, शिक्का आणि सीआयएन नंबर आहे, म्हणजे पत्र अस्सल.

वस्तुस्थिती : कंपनी कायदा 2013च्या कलम 12 नुसार कंपनीच्या लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि 21 अंकाक्षरांचा सीआयएन असावा लागतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर तपासता येतो. त्यातच राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्राची MH) आणि नोंदणीचं वर्ष असतं. नंबर दुसऱ्याच कंपनीचा निघाला किंवा निघालाच नाही, तर पुढे जायचं कारण नाही. पण नंबर बरोबर असला तरी तेवढ्यावर पत्र खरं ठरत नाही, कारण ही माहिती सगळ्यांना खुली आहे. भाच्याच्या पत्रावरचा सीआयएन अगदी खरा होता. उचललेला होता, एवढंच.

गैरसमज : एचआरचं नाव लिंक्डइनवर सापडलं, फोनवर बोलणंही झालं.

वस्तुस्थिती : खऱ्या माणसाचं नाव उसनं घेणं सोपं असतं. पत्रातल्या नंबरवर फोन केला तर पत्र लिहिणाराच उचलणार आणि ‘हो, पत्र आमचंच’ म्हणणार. नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः काढायचा, आणि वेबसाइटही मेलमधल्या लिंकवरून उघडायची नाही. आम्ही बोर्डलाइनला फोन लावून एचआर विभाग मागितला. पत्राचा संदर्भ क्रमांक, पद आणि जॉइनिंगची तारीख सांगितली. त्या नावाच्या बाई खरंच तिथे कामाला होत्या. ते पत्र मात्र त्यांनी पाठवलेलं नव्हतं, आणि ते पदही भरतीत नव्हतं.

गैरसमज : डिपॉझिट परत मिळणार आहे, मग भरायला काय हरकत?

वस्तुस्थिती : नेहमीच्या नोकरीचा क्रम असा असतो : अर्ज, मुलाखत, पगाराची बोलणी, ऑफर, तुमचा होकार, कागदपत्रांची तपासणी, मग जॉइनिंग. या वाटेवर पैसे उमेदवाराकडून कंपनीकडे जात नाहीत. पार्श्वभूमी तपासणीचा खर्चही साधारणपणे कंपनीच करते. भाच्याची मुलाखत व्हॉट्सॲपवर दहा मिनिटं चॅट करून उरकली होती, आणि पैसे एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले होते. ‘संध्याकाळी सहाच्या आत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला’ हा निरोपही होताच. ही घाई फोन करून खात्री करायला वेळ मिळू नये म्हणून असते.

पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी कळलं तरच ती अडवता येण्याची शक्यता असते. भाच्याचे 4,850 वाचले. पण आधार आणि पॅनचे फोटो त्याने ‘जॉइनिंग फॉर्म’सोबत आदल्या दिवशीच पाठवले होते. म्हणून त्या रात्री आम्ही आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आणि आता दर महिन्याला तो स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट उघडून नावावर भलतंच कर्ज निघालं नाही ना, ते पाहतो.