ताट रिकामं, पाहुणा संकटात

चाकणच्या कारखान्यात तीन आठवड्यांसाठी आलेल्या जपानी सहकाऱ्याला शनिवारी रात्री घरी जेवायला बोलावलं, तेव्हा बायकोची पहिली काळजी होती ती बुटांची. ‘त्यांना बूट काढा म्हणून सांगायचं कसं?’ ही काळजी फुकट होती. जपानी घरात दाराशी ‘गेनकान’ नावाची खोलगट जागा असते. बूट तिथे उतरवायचे आणि पाय थेट वरच्या पायरीवर ठेवायचा. बाहेरच्या फरशीला मोजा लागू द्यायचा नाही.

आपली पंचाईत इथेच होते. आपल्या फ्लॅटचे बूट दाराबाहेर, कॉमन पॅसेजमध्ये, आणि तिथून उंबऱ्यापर्यंत दोन पावलं धुळीतून. पाहुणे बूट काढून एका पायावर अवघडून उभे राहिले, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. दाराबाहेर एक स्वच्छ सतरंजीचा तुकडा आणि लेस सोडायला स्टूल ठेवलं असतं तर काम झालं असतं. त्यांनी बूट वळवून, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवले. निघताना पाय घालायला सोपं. आमच्या चपलांच्या ढिगाऱ्याकडे मी पाहिलंच नाही. आणखी एक: आपलं बाथरूम ओलं असतं, जपानी संडासाच्या चपला वेगळ्या असतात. म्हणून एक कोरडा जोड बाथरूमच्या दाराशी ठेवावा. त्याच पायांनी बैठकीच्या खोलीत यायचं नसतं, हे त्यांना ठाऊक असतं.

शाकाहाराबद्दल मात्र आधी बोलून घ्यावं. ‘मांस नाही’ एवढं सांगून पुरत नाही, कारण रोजच्या जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ हे सार बऱ्याचदा वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात, आणि ते घातलेली भाजी अनेकांना मासळीचा पदार्थ वाटतच नाही. आमच्याकडे प्रश्न जेवणाचा नव्हता, भेटीचा होता. जपानी पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. त्या सुंदर डब्यातल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आईने देवापुढे ठेवायला उचलल्या, आणि मला विचारावंच लागलं. त्यांनी फोनवर पाकिटाचा मजकूर वाचला, कान लाल झाले: माशाचा अर्क होता. डबा दुसऱ्या दिवशी शेजारच्या मासे खाणाऱ्या घरी गेला. आमंत्रण देतानाच ‘मासा, त्याचं सार, अंडं, जिलेटिन चालत नाही’ असं मी म्हणालो असतो, तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती.

जेवण छान चाललं. बायकोने मुद्दाम मावळचा इंद्रायणी तांदूळ शिजवला होता. बासमतीपेक्षा हा किंचित चिकट, मऊ भात त्यांच्या जवळचा. आमटीची वाटी त्यांनी सरळ उचलून तोंडाला लावली, तिकडे सूप असंच पितात. पुरणपोळी आवडेल की नाही, अशी शंका होती. पण जपानमध्ये लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकी दाण्यांचं गोड सारण मिठाईत भरतात, त्यामुळे गोड डाळ त्यांना नवी नव्हती. ती जेवणाच्या मध्येच ताटात आली, याचं मात्र आश्चर्य वाटलं. तिखट आम्ही वेगळं, ठेच्याच्या रूपात ठेवलं होतं. हे करावंच.

खरी गडबड वाढण्यात झाली. ताटात शीत उरू न देणं ही तिकडची शिकवण. रिकामं ताट दिसलं की वाढणं ही आपली. त्यांनी भात संपवला, आईने वाढला. त्यांनी पुन्हा संपवला, आई खूश होऊन पुन्हा वाढायला आली. तेव्हा ते हसून म्हणाले, ‘दाइजोबु.’ जपानीच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या मुलीने भाषांतर केलं, ‘चालेल म्हणतायत, आजी.’ आणि तिसरी मूद पडली. शब्दकोशात त्या शब्दाचा अर्थ ‘ठीक आहे’ असाच सापडतो, पण कुणी काही देऊ करत असताना तो हसून म्हटला, की बहुतेक वेळा ‘नको, पुरे’ असा होतो. तिसरा भात त्यांनी मान खाली घालून, अगदी हळूहळू खाल्ला. घाम तिखटाचा नव्हता.

म्हणून पहिल्याच वाढीला सगळं निम्मं वाढावं आणि त्यांना स्वतःच्या हाताने घ्यायला सांगावं. ताटावर आडवा हात धरला की ‘पुरे’, ही आपली खूण त्यांना जेवण सुरू होण्याआधी हसत दाखवून द्यावी. आग्रह एकदाच, फार तर दोनदा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी समजावून सांगावं. आमच्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या मते पाहुणा लाजत होता.

सोमवारी ऑफिसात पाय ठेवताच त्यांनी परवाच्या जेवणाबद्दल पुन्हा वाकून आभार मानले. तिकडची रीतच तशी आहे, पुढच्या भेटीत पुन्हा एकदा. तुम्हालाही असा नमस्कार आला, तर अवघडू नका. ‘आईलाही फार आनंद झाला,’ एवढं म्हणा आणि कामाला लागा.