तंत्वार्बुद, गर्भाशयाचे
गर्भाशयाच्या भित्तीतील अरेखित स्नायू व तंतुमय ऊतक यांपासून वाढणाऱ्या साध्या (मारक नसलेल्या) गाठीस तंत्वार्बुद म्हणतात. व्यवहारात तिला ‘फायब्रॉइड’ किंवा ‘गर्भाशयाची गाठ’ असे म्हणतात. तिची वाढ अंडकोशातील हॉर्मोनांवर अवलंबून असल्याने ती ऋतुप्राप्तीनंतरच उद्‌भवते आणि ऋतुनिवृत्तीनंतर सामान्यतः आक्रसते. पुष्कळ स्त्रियांत तिची कोणतीच लक्षणे नसतात व अशा गाठीस उपचारांची गरज नसते.

स्थान व रक्तस्राव : गाठीचे महत्त्व तिच्या आकारापेक्षा स्थानावर अधिक अवलंबून असते. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी गाठ अधःश्लेष्मल, स्नायुभित्तीतील गाठ भित्तिस्थ आणि बाहेरच्या पृष्ठावर वाढणारी गाठ अधःपर्युदरी होय. अधःश्लेष्मल गाठीमुळे अंतःस्तराचे क्षेत्रफळ वाढते, त्यातील नीला फुगतात आणि रक्तस्राव थांबविणारे स्नायूंचे आकुंचन अपुरे पडते. त्यामुळे दोन सेंमी. व्यासाची अशी गाठही विपुल रक्तस्राव घडवू शकते. याउलट, बाहेरच्या पृष्ठावरील आठ सेंमी. ची गाठ मूत्राशयावर दाब आणते, पण मासिक स्रावात सहसा फरक पाडत नाही. रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडणे, तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे आणि स्राव आठ दिवसांहून अधिक टिकणे ही अतिस्रावाची चिन्हे होत.

निदान : श्राव्यातीत ध्वनिचित्रणात (सोनोग्राफीत) तंत्वार्बुद सामान्यतः गोलसर, रेखीव कडांचे व भोवतालच्या स्नायूहून गडद दिसते. अहवालात गाठींची संख्या व मापे असतातच. परंतु प्रत्येक गाठ पोकळीत किती शिरली आहे, याची नोंद अधिक मोलाची असते. ती नसल्यास योनिमार्गे पुन्हा चित्रण करतात किंवा पोकळीत लवण-विद्राव सोडून कडा स्पष्ट करून घेतात. मारक अर्बुद निश्चितपणे वगळणे मात्र या चित्रणाने शक्य होत नाही. म्हणून ऋतुनिवृत्तीनंतर वाढणाऱ्या गाठीची स्वतंत्र तपासणी करतात आणि पंचेचाळिशीनंतरच्या अतिस्रावात अंतःस्तराचा नमुनाही तपासतात.

उपचारांची निवड : उदाहरणार्थ, नवी मुंबईतील एखाद्या ३८ वर्षांच्या नोकरदार स्त्रीला दरमहा नऊ दिवस स्राव होतो, जिने चढताना धाप लागते व तिचे रक्तारुण (हीमोग्लोबिन) दर १०० मिलि. रक्तात ७.५ ग्रॅ. आहे असे समजू. चित्रणात सहा सेंमी. ची अधःपर्युदरी गाठ व अडीच सेंमी. ची अधःश्लेष्मल गाठ आढळते. दुसरीचा निम्म्याहून अधिक भाग पोकळीत आहे. अहवाल वाचताना लक्ष मोठ्या गाठीकडे जाते. रक्तस्रावाचे कारण मात्र लहान गाठ असते. प्रथम लोहाने, आवश्यक तर शिरेवाटे, रक्तक्षय भरून काढतात आणि स्रावाच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अम्ल देतात. रक्ताच्या गुठळ्यांमुळे वाहिन्या तुंबण्याचा पूर्वेतिहास असल्यास ते देत नाहीत. रक्तारुण वाढल्यावर गर्भाशयदर्शकातून लहान गाठ खरवडून काढतात; यासाठी पोटावर छेद घ्यावा लागत नाही. मोठी गाठ त्रास देत नसल्यास तिच्यावर केवळ लक्ष ठेवतात.

हीच गाठ भित्तिस्थ असती व पोकळीचा आकार बिघडलेला नसता, तर लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयांतर्गत साधन बसविता येते. पोकळी वेडीवाकडी असल्यास ते निसटून बाहेर पडण्याचा संभव असतो. अंडकोशांचे कार्य तात्पुरते थांबविणारी इंजेक्शने गाठ लहान करतात. पण हाडे विरळ होत असल्याने ती एकटी दीर्घकाळ देत नाहीत आणि ती थांबविल्यावर गाठ पुन्हा वाढते. अनेक मोठ्या गाठी असून अपत्य हवे असल्यास केवळ गाठी काढतात. मात्र काही वर्षांनी नव्या गाठी उद्‌भवू शकतात. अपत्य नको असल्यास गर्भाशयाच्या रोहिण्या सूक्ष्म कणांनी बंद करून गाठी सुकविता येतात.

गर्भाशयोच्छेदनाने गाठींचा प्रश्न कायमचा मिटतो. पण इतर उपाय अपुरे पडल्यावर किंवा स्त्रीने विचारपूर्वक पसंत केल्यावरच ते योग्य ठरते. त्याबरोबर अंडकोशही काढल्यास अकाली ऋतुनिवृत्ती येऊन हाडे व हृदय यांवर परिणाम होतो. या शस्त्रक्रियेच्या अतिरेकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आढळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक गर्भाशयोच्छेदन रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अंमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. त्यामुळे शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास कोणती गाठ रक्तस्राव घडवीत आहे व ती तेवढीच काढता येईल काय, हे आधी विचारून घेणे इष्ट असते.