आजीचा चेहरा लाकडावर उतरवताना

आपल्या घराघरांत हिंदुस्थानातून येताना आणलेला एखादा जुना फोटो असतो. आमच्याकडे आजीचा असा एकच फोटो आहे; स्टुडिओत काढलेला, ६ बाय ९ सेंटिमीटरचा. घरच्या मुलीच्या मेंदीसाठी तो लाकडी पाटीवर लेसरने कोरून घ्यायचे आम्ही ठरवले. पाटी आली तेव्हा आत्याने ती हातात घेतली आणि म्हणाली, "ही माझी आई नव्हे. आईला मिशा कधी होत्या?"

चूक यंत्राची नव्हती, आमची होती. लेसर लाकूड जाळतो किंवा सोडून देतो. फोटोत मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कितीतरी करड्या छटा असतात. संगणकावर काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 255 असा आकडा असतो. 'थ्रेशोल्ड' म्हणजे यांच्या मधला उंबरठा. त्याच्या खालचे सगळे काळे होते, वरचे सगळे पांढरे. आम्ही तो बरोबर मध्ये, 127 वर ठेवला होता. नाकाखालची मऊ सावली त्याहून थोडी गडद होती. ती पूर्ण काळी झाली, ओठांना जाऊन मिळाली आणि मिशी उगवली.

दुसऱ्या वेळी आम्ही रेषा आणि सावली वेगवेगळ्या केल्या. फोटो 1200 डीपीआयवर स्कॅन केला, कारण त्यात चेहरा जेमतेम ३ सेंटिमीटर होता आणि पाटीवर तो १० सेंटिमीटर हवा होता. मग 'गिम्प' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चित्र पाटीच्या मापाचे, 254 डीपीआयचे केले. हा आकडा सोयीचा आहे, कारण एका मिलिमीटरला बरोबर १० ठिपके पडतात. त्याच चित्राच्या दोन प्रती, म्हणजे दोन थर केले.

पहिला थर रेषांचा. `Colors > Threshold` उघडून उंबरठा हळूहळू खाली आणला. 90 च्या आसपास सावल्या गेल्या आणि भुवया, पापण्या, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ व केसांचा भांग एवढेच उरले. पण डावा डोळाही अर्धा गेला. म्हणून डोळ्यांपुरता 110 चा तुकडा वेगळा काढून तिथे बसवला. सगळ्या चेहऱ्याला एकच उंबरठा चालतो असे नाही. शेवटी सुटे डाग पुसले आणि ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा हाताने जाड केल्या. त्याहून बारीक रेघ लाकडावर तुटक दिसते.

दुसरा थर सावलीचा. ही प्रत आधी बरीच उजळ केली, इतकी की कपाळ आणि गाल कोरे पांढरे राहिले. मग `Filters > Distorts > Newsprint` मध्ये `Period` 10 आणि कोन 45 दिला. जुन्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखे ठिपके तयार झाले, दर मिलिमीटरला एक. सावली गडद तिथे ठिपका मोठा, फिकी तिथे लहान. ठिपक्यांच्या कडा करड्या राहतात, म्हणून या थराला पुन्हा 127 चा उंबरठा लावला. रेषांचा थर वर ठेवून त्याला `Multiply` दिले, की दोन्ही एकत्र दिसतात.

यानंतर चित्र लहानमोठे करायचे नाही. केले तर ठिपक्यांत पट्टे उमटतात. दुकानदारालाही आम्ही हेच सांगितले: माप बदलू नका आणि पुन्हा ठिपके पाडू नका.

सगळी पाटी कोरण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर एक डोळा आणि गाल कोरून पाहिला. लाकूड ठिपक्याच्या कडेलाही करपते, त्यामुळे ठिपका पडद्यावरच्यापेक्षा मोठा येतो. आमचे नाकाखालचे ठिपके एकमेकांना चिकटून तपकिरी डाग झाला होता. सावलीचा थर आणखी उजळ करून ठिपके पुन्हा पाडले, तेव्हा ते सुटे झाले. पाटी बर्चच्या प्लायवूडची घेतली. पाइनच्या लाकडातल्या मऊ आणि कठीण रेघा वेगवेगळ्या जळतात, त्यामुळे चेहऱ्यावर पट्टे येतात.

पारदर्शक ॲक्रिलिकवर कोरायचे असेल तर हिशेब उलटा. तिथे लेसर लागतो तो भाग पांढुरका होतो. म्हणून `Colors > Invert` करून काळ्याचे पांढरे करावे लागते आणि मागे गडद कापड किंवा कागद ठेवावा लागतो. नाही तर केस पांढरे आणि चेहरा काळा दिसतो. दुकानात 'कास्ट' ॲक्रिलिक मागावे. दुसऱ्या, 'एक्स्ट्रूडेड' प्रकारावर कोरीव भाग तेवढा पांढरा उठत नाही.

दुसरी पाटी आत्याने हात लांब करून धरली. जवळून नुसते ठिपके, लांबून गालावरची सावली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता आई दिसते."